दुसऱ्या चौकटीत तेच चॅनल का दिसतं?

प्रश्न: "माझ्या ५५ इंची फोर-के टीव्हीत मल्टी व्ह्यू आहे. डिशचा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयला जोडलाय. लीगच्या शेवटच्या दिवशी दोन सामने एकाच वेळी असतात, ते शेजारी-शेजारी बघायचेत. पण दोन चौकटी केल्या की दुसरीत तेच चॅनल येतं किंवा काळं दिसतं. टीव्हीत दोष आहे का? दुसरा बॉक्स घेतला तर जमेल का?"

टीव्हीत दोष नाही. तुमच्या बॉक्समधून टीव्हीकडे जी एचडीएमआय वायर जाते, तिच्यातून शेकडो चॅनल येत नाहीत, एकच तयार चित्र येतं. चॅनल निवडण्याचं काम बॉक्सने आधीच उरकलेलं असतं. टीव्हीला त्या वायरीवर बाकीचे चॅनल दिसतच नाहीत, मग तो दुसऱ्या चौकटीत दाखवणार काय? एक तर तेच चित्र पुन्हा दाखवतो, नाही तर चौकट काळी ठेवतो. म्हणून पडद्यावर किती चौकटी होतात हे नंतर बघू. आधी टीव्हीपर्यंत किती वेगवेगळी चित्रं पोचतात ते मोजायला हवं. तुमच्याकडे सध्या एकच पोचतंय.

एखादं चॅनल पडद्यावर यायला तीन कामं व्हावी लागतात. ट्यूनर सिग्नलमधून हवी ती फ्रिक्वेन्सी पकडतो. मग पैसे भरलेल्या चॅनलचं कुलूप कार्डाच्या किंवा बॉक्समधल्या चिपच्या मदतीने उघडलं जातं. त्यानंतर डीकोडर दाबून लहान केलेलं चित्र उलगडतो. दोन चॅनल एकाच वेळी बघायचे तर या तिन्ही गोष्टी दोनदा व्हायला हव्यात. यातली एक जरी एकटी राहिली तरी दुसरी चौकट रिकामी राहते.

मी टीव्ही आणि डिशच्या जोडणीचं काम वीसहून जास्त वर्षं करतोय. जुन्या काचेच्या टीव्हींच्या काळात पिक्चर-इन-पिक्चर घराघरांत सहज चालायचं, कारण अँटेनाची किंवा केबलची वायर थेट टीव्हीत जायची आणि चॅनलना कुलूप नसायचं. ज्या टीव्हीत एकच ट्यूनर होता, तिथे आम्ही व्हीसीआरचा ट्यूनर उसना घ्यायचो. एक चॅनल टीव्हीवर लावायचं, दुसरं व्हीसीआरवर, आणि व्हीसीआरचं चित्र छोट्या चौकटीत घ्यायचं. तुमच्यासाठीही आज उत्तर त्याच दिशेला आहे. दुसरा ट्यूनर कुठून तरी आणायचा.

तुमच्या बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय असेल तर मनात येईल की याच्यात दोन ट्यूनर आहेतच, मग अडचण काय? एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्ड होतं हे बरोबर. पण रेकॉर्ड करताना ते चित्र उलगडावं लागत नाही, जसं आलं तसं डिस्कवर टाकलं जातं. उलगडून वायरीवर सोडायचं चित्र एकच असतं. बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत पिक्चर-इन-पिक्चर असेल तरच तो दोन्ही चित्रं जोडून एकाच वायरीतून पाठवतो, आणि मग टीव्हीला काहीच करावं लागत नाही. बॉक्सच्या रिमोटवर PIP असं बटण आहे का, एवढं एकदा बघून घ्या. असेल तर पुढचा सगळा खटाटोप वाचला.

दुसरा बॉक्स घेण्याआधी एक चाचणी जरूर करा. दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला घरातलं काहीही जोडा, लॅपटॉप, गेमचं यंत्र, जुना प्लेअर. मग मल्टी व्ह्यू उघडा, एका चौकटीत पहिलं एचडीएमआय निवडा आणि दुसऱ्या चौकटीच्या यादीत दुसरं एचडीएमआय निवडता येतं का ते बघा. पुष्कळ टीव्हींत ते फिकट दिसतं, दाबलं तरी काही होत नाही. अशा टीव्हीत एका वेळी एकच एचडीएमआय चालतं. दुसरी चौकट फक्त टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरला, एखाद्या अ‍ॅपला किंवा मोबाइलच्या स्क्रीनला मिळते. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळं असू शकतं. दोन बॉक्स विकत आणून, दोन्ही जोडून, मग हे कळलेली माणसं मी बघितली आहेत. दहा मिनिटांच्या चाचणीने तो खर्च वाचतो.

यादीत दुसरं एचडीएमआय मिळालं नाही, तर एक रस्ता अ‍ॅपचा आहे. एक सामना बॉक्सवर, दुसरा टीव्हीतल्या अ‍ॅपवर. पण प्रत्येक अ‍ॅप छोट्या चौकटीत यायला तयार नसतं. अँड्रॉइडने टीव्हीसाठी ही सोय २०१६ साली, ७.० या आवृत्तीत आणली, तरी ती वापरायची की नाही हे अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हाती राहिलं. शिवाय बऱ्याच टीव्हींच्या चिपमध्ये कुलूपबंद चित्र उलगडायचा सुरक्षित मार्ग एकच असतो. म्हणून असं होतं की यूट्यूबचा मोफत व्हिडिओ चौकटीत छान चालतो आणि पैसे भरून घेतलेला सामना तिथे काळा पडतो. हा फरक दिसला तर इंटरनेटला किंवा टीव्हीला दोष देऊ नका, अडचण हक्कांच्या संरक्षणाची आहे.

काही सेवांनी यावर वेगळी वाट काढली. यूट्यूब टीव्हीने अमेरिकेत २०२३ साली चार सामने एका पडद्यावर दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ती चारही चित्रं त्यांच्याच सर्व्हरवर जोडली जात होती. घरच्या उपकरणाला एकच साधा व्हिडिओ उलगडायचा होता, त्यामुळे साधं उपकरणही पुरायचं. याची किंमत अशी, की सुरुवातीला प्रेक्षकाला सामने मनाप्रमाणे निवडता येत नव्हते, तयार जोड्यांपैकीच एक घ्यावी लागायची. तुम्ही ज्या अ‍ॅपवर सामने बघता त्यात असा पर्याय असेल तर तो सगळ्यांत सोपा.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाकडे येतो. दोन बॉक्स. हो, जमतं, पण त्यात चार ठिकाणी माणूस अडकतो. अगदी तुमच्यासारख्याच एका घरातलं काम सांगतो. तिथे दोघा भावांना दोन वेगळे सामने बघायचे होते, टीव्ही ५५ इंचीच होता आणि त्याच्या मल्टी व्ह्यूत दुसरं एचडीएमआय निवडता येत नव्हतं. त्यांनी स्वतःच दुसरा बॉक्स आणि एक मल्टीव्ह्यूअर आणला होता. मल्टीव्ह्यूअर म्हणजे दोन किंवा चार एचडीएमआय आत घेऊन सगळ्यांचं मिळून एक चित्र बाहेर देणारी पेटी. तिच्यामुळे टीव्हीला वाटतं की आपल्याला एकच उपकरण जोडलंय, त्यामुळे मल्टी व्ह्यू नसलेल्या टीव्हीवरही ती चालते. विचार बरोबर होता, तरी मला बोलवावं लागलं.

पहिली तक्रार अशी होती: "पहिल्या बॉक्सवर चॅनल बदललं की कधीकधी दुसऱ्याचं चॅनल जातं." मी सरळ टीव्हीच्या मागे गेलो. डिशवरून आलेली एक वायर साध्या स्प्लिटरने दोन बॉक्सना वाटलेली होती. केबलच्या किंवा अँटेनाच्या वायरीला हे चालतं, कारण तिथे सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदमच वायरीवर असतात. डिशचं तसं नाही. डिशच्या तोंडाशी बसलेला एलएनबी एका वेळी आकाशातल्या सिग्नलचा एकच भाग खाली पाठवतो, आणि कुठला भाग पाठवायचा हे बॉक्स त्याला त्याच वायरीतून सांगतो. बॉक्सने १३ व्होल्ट दिले की उभ्या पोलरायझेशनची चॅनलं येतात, १८ व्होल्ट दिले की आडव्याची. युनिव्हर्सल एलएनबीत वरच्या बँडची चॅनलं हवी असतील तर बॉक्स २२ किलोहर्ट्‌झचा टोनही सोडतो.

आता एका वायरीवर दोन बॉक्स दोन वेगळे हुकूम देऊ लागले तर काय होणार? दोन्हीकडून वीज जाऊ देणारा स्प्लिटर असेल तर जास्त व्होल्ट देणाऱ्याचं चालतं. म्हणजे १८ मागणारा जिंकतो आणि १३ मागणाऱ्याचं चॅनल जातं. दोघांनी एकाच भागातली चॅनलं लावली तर मात्र सगळं सुरळीत दिसतं. म्हणूनच हा दोष फसवा आहे. तो येतो आणि जातो, लोक वायर हलवून बघतात, पिन बदलतात, पावसाला दोष देतात. ओळखायची खूण अशी: दुसऱ्या बॉक्सवर एक चॅनल लावून ठेवा आणि पहिल्यावर वीसेक चॅनल एकामागून एक बदला. ठरावीक चॅनल लावल्यावरच दुसरं जात असेल, आणि पहिला बॉक्स भिंतीवरून बंद केल्यावर ते परत येत असेल, तर वायर चांगली आहे. हुकूम भांडतायत.

उपाय म्हणजे दोन तोंडांचा एलएनबी, ज्याला ट्विन म्हणतात, आणि त्याच्या प्रत्येक तोंडापासून प्रत्येक बॉक्सपर्यंत स्वतंत्र वायर. डिश तीच राहते. एकाच वायरीवर अनेक बॉक्स चालवणारे खास एलएनबीही असतात, पण त्यांना ती पद्धत समजणारा बॉक्स लागतो, तेव्हा सेवा देणाऱ्याला विचारल्याशिवाय ते घेऊ नका. त्या घरी मी दुसरी वायर ओढली आणि चॅनल जाणं त्याच दिवशी थांबलं.

दुसरी तक्रार काळ्या चौकटीची. एक बॉक्स फोर-केचा होता आणि 'ऑटो' रिझोल्यूशनवर होता. बॉक्समधून निघणारं चित्र एचडीसीपी नावाच्या कुलुपात असतं आणि फोर-के चित्राला त्याची २.२ किंवा नंतरची आवृत्ती मागितली जाते. त्यांचा मल्टीव्ह्यूअर जुन्या १.४ वर अडकलेला होता, त्यामुळे बॉक्सने चित्र द्यायचंच थांबवलं. बॉक्स थेट टीव्हीला जोडला की चित्र यायचं, पेटीतून गेला की काळं. हा फरक दिसला की कुलूपच कारण समजायचं. बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1080p वर बांधून टाकलं आणि चित्र आलं. नवीन पेटी घेणार असाल तर एचडीसीपी २.२ चालते का हे आधी विचारा.

1080p केल्याने काही गमावलं का? काहीच नाही, आणि हे गणित मला फार आवडतं. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. दोन चित्रं शेजारी ठेवली की प्रत्येकाच्या वाट्याला १९२० आडवे ठिपके येतात, आणि १६:९ चा आकार राखायचा तर उंची १०८० होते. म्हणजे प्रत्येक चौकट बरोबर फुल एचडी. एचडी चॅनलचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसतो. पण यासाठी मल्टीव्ह्यूअरने बाहेर फोर-के चित्र द्यायला हवं. आत चार चित्रं घेणाऱ्या पण बाहेर 1080p देणाऱ्या पेट्या पुष्कळ मिळतात, आणि त्यांत प्रत्येक चौकटीला ९६० बाय ५४० ठिपकेच मिळतात. तिथे स्कोअरची पट्टी चिखल झाल्यासारखी दिसते आणि माणूस चॅनलला दोष देतो.

आकाराचाही विचार याच ठिकाणी करून टाका. ५५ इंची पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चौकटी म्हणजे साडेसत्तावीस इंचाची दोन चित्रं, आणि वर-खाली मिळून अर्धा पडदा काळा. छोटी चौकट पडद्याच्या एक-तृतीयांश रुंदीची ठेवली तर ती सुमारे अठरा इंच होते. दहा फुटांवर बसून अठरा इंची चित्रातला स्कोअर वाचणं कठीण आहे. माझ्या मते दोन्ही सामने सारखेच महत्त्वाचे असतील तरच शेजारी-शेजारी ठेवा आणि सोफा पुढे ओढा. एक मुख्य आणि एक नुसतं लक्ष ठेवण्यापुरता असेल तर मोठ्यात छोटी चौकट बरी, आणि ती अशा कोपऱ्यात ठेवा जिथे मोठ्या चित्राचा स्कोअर नसेल. स्कोअर बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात किंवा तळाला असतो, त्यामुळे वरचा उजवा कोपरा मोकळा सापडतो.

तिसरी गोष्ट त्यांनी तक्रार म्हणून सांगितली नव्हती, मलाच दिसली. एका चौकटीत खालची सरकती पट्टी गुळगुळीत जात होती आणि दुसरीत सतत अडखळत होती. एक बॉक्स सेकंदाला ५० चित्रांवर होता, दुसरा ६० वर. पेटी बाहेर एकाच गतीने चित्र देते, त्यामुळे दुसऱ्या गतीच्या चित्रात तिला काही चित्रं पुन्हा दाखवावी लागतात किंवा गाळावी लागतात. चेंडू हवेत असताना ते डोळ्याला जाणवतं. दोन्ही बॉक्स आणि पेटी एकाच गतीवर बांधा, आणि ती गती तुमचं चॅनल ज्या गतीने प्रसारित होतं तीच असू द्या.

चौथी अडचण ऐकायला किरकोळ वाटते, पण घरातलं भांडण तिच्यावरूनच झालं होतं. दोन्ही बॉक्स एकाच कंपनीचे, त्यामुळे एका रिमोटने दोघांचं चॅनल बदलायचं. काही बॉक्समध्ये रिमोटचा कोड बदलता येतो, काहींचा रिमोट ब्लूटूथने एकाच बॉक्सशी बांधता येतो. यांच्या बॉक्सना दोन्ही जमत नव्हतं. मग एका बॉक्सच्या पुढच्या काचेवर, जिथे इन्फ्रारेडचा डोळा असतो, तिथे काळी चिकटपट्टी लावली आणि तो टीव्हीच्या मागे फिरवून ठेवला. त्याचं चॅनल बदलायचं तर मागे हात घालून पट्टी उचलायची. सामना तीन तास चालतो, चॅनल एकदाच लावायचं असतं, त्यामुळे तेवढं पुरलं.

राहिला आवाज. दोन चित्रं डोळ्यांना झेपतात, दोन समालोचनं कानांना झेपत नाहीत. टीव्ही किंवा पेटी एकाच चौकटीचा आवाज स्पीकरवर देते आणि तो रिमोटने बदलता येतो. दुसऱ्याचा आवाज कुणाला हवाच असेल तर त्या बॉक्सच्या मागची ऑडिओची पिन शोधा. बऱ्याच बॉक्सना एचडीएमआयशिवाय वेगळी ऑडिओ आउट असते, तिला वायरलेस हेडफोनचा ट्रान्समीटर जोडता येतो. पेटीची त्यात काही भूमिका नसते, त्यामुळे कुठल्याही मांडणीत हे चालतं.

तुम्ही एक बॉक्स आणि एक अ‍ॅप अशी जोडी करणार असाल तर अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिशच्या मागे असतं, बहुतेक वेळा बऱ्याच सेकंदांनी. दोन सामने वेगळे असतील तर वरवर याने फरक पडत नाही. पण शेवटच्या दिवशी एका मैदानावरच्या गोलने दुसरीकडचं गणित बदलतं. डिशवरचा समालोचक दुसऱ्या मैदानावरचा गोल सांगून मोकळा होतो आणि अ‍ॅपच्या चौकटीत तो गोल अजून व्हायचा असतो. तुमचा बॉक्स चालू चॅनल थांबवू देत असेल तर उपाय सोपा आहे. सुरुवातीला दोन्ही चौकटींत एकच सामना लावा, एखाद्या फ्री किकची शिट्टी डिशवर वाजली की घड्याळ लावा, अ‍ॅपवर वाजली की थांबवा. फरक ३५ सेकंदांचा निघाला तर बॉक्स ३५ सेकंद थांबवून पुन्हा चालू करा, आणि मग अ‍ॅपवर दुसरा सामना लावा. मध्ये नेट अडखळलं तर अंतर पुन्हा वाढतं, तेव्हा मध्यंतरात एकदा परत मोजा.

तेव्हा तुम्ही आज रात्री फक्त एचडीएमआयची चाचणी करा. दुसरं एचडीएमआय यादीत मिळालं तर तुम्हाला पेटी लागणार नाही, नुसता दुसरा बॉक्स, ट्विन एलएनबी आणि एक जास्तीची वायर पुरेल. नाही मिळालं तर आधी अ‍ॅप चौकटीत येतंय का ते बघा, आणि तेही नाही जमलं तरच फोर-के बाहेर देणारी पेटी शोधा. डिशवर चढण्याआधी एलएनबीला किती तोंडं आहेत ते खालूनच नीट बघा. काही डिशवर दोन तोंडांचा एलएनबी आधीच बसवलेला असतो आणि दुसरं तोंड रबरी टोपी घालून तसंच रिकामं ठेवलेलं असतं.